टीममध्ये नवीन माणूस आलाय, पहिला मेसेज काय टाकू? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नमस्कार मंडळी. मी खराडीतल्या एका ऑफिसात टेस्टिंग टीममध्ये आहे, आमच्याकडे गेल्या काही महिन्यांत बरीच नवीन मंडळी आली आणि दरवेळी कोणीतरी खुर्ची सरकवत माझ्याकडे येऊन हेच विचारतं, "अगं त्या नवीनला काय मेसेज टाकू, नुसतं हाय बरं दिसतं का?" सारखं सारखं तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. हे सगळं ऑफिसच्या चॅटवरच्या पहिल्या मेसेजबद्दल आहे, मेलबद्दल नाही, आणि मराठीत लिहिताना जे घोळ होतात त्यावर जरा जास्त आहे, कारण इंग्रजीतले तयार मेसेज कुठेही मिळतात, मराठीतले मिळाले तरी ते फ्लेक्सवरचे वाटतात.

टीम लीड मेलवर ओळख करून देतोच ना, मग वेगळा मेसेज कशाला?

त्या मेलमध्ये नवीन माणसाची ओळख आम्हाला होते, आमची त्याला होत नाही. त्याच्या बाजूने बघा, मेलमध्ये वर आठ-दहा नावं दिसतात, त्यातला कोण कुठे बसतो, कोणाला काय विचारायचं, काही पत्ता नाही. मग ग्रुपवर एका मागोमाग एक "वेलकम", "वेलकम", "वेलकम टू द टीम" असे मेसेज पडतात, बिचारा सगळ्यांना मिळून एक "थँक्यू ऑल" म्हणतो आणि विषय संपतो. दुपारी जेवायला कोणाबरोबर जायचं हे त्याला तरीही माहीत नसतं.

सुरुवात कशाने करू? नमस्कार, हाय, गुड मॉर्निंग, की राम राम?

मी "नमस्कार" आणि पुढे नाव, एवढंच करते. "नमस्कार किरण," बस. सकाळ-दुपार बघायला लागत नाही, वय बघायला लागत नाही, आणि समोरचा कुठून आलाय हेही माहीत असायला लागत नाही.

"हाय किरण" पण चालतं, विशेषतः समोरचा विशी-पंचविशीतला असेल तर, उलट त्याला नमस्कार जरा काकूछाप वाटू शकतो. पण मला विचाराल तर वयाने लहान माणसाला नमस्कार टाकला म्हणून कोणाचं बिघडत नाही, मोठ्या माणसाला हाय टाकल्यावर क्वचित बिघडतं.

"शुभ सकाळ" नको. ते फॅमिली ग्रुपवर सूर्य आणि गुलाबाच्या फोटोबरोबर येतं, ऑफिसात तोंडी कोणी शुभ सकाळ म्हणताना मी तरी ऐकलेलं नाही, आपण सगळे तोंडाने गुड मॉर्निंगच म्हणतो. आणि गुड मॉर्निंगला अजून एक अडचण, सकाळी साडेदहाला पाठवलेला मेसेज त्या माणसाचं लॉगिन सुरू झाल्यावर दुपारी तीनला वाचला जातो.

राम राम, जय हरी, जय भीम, जय महाराष्ट्र ही सगळी आपापल्या घरची, गावची, चळवळीची अभिवादनं आहेत, ओळख झाल्यावर जो तो ती वापरतोच, आमच्याकडे एकजण रोज आल्या आल्या सगळ्यांना राम राम करतो आणि आता आम्ही सगळेच त्याला राम राम करतो. पण अनोळखी माणसाला पहिल्याच ओळीत ते टाकलं की त्याला त्याच शब्दांत उत्तर द्यायचं की नाही हा विचार करत बसावं लागतं. ते ओझं पहिल्या दिवशी कशाला.

नुसतं "हाय" टाकून थांबलं तर काय होतं?

समोर नोटिफिकेशन येतं, माणूस हातातलं काम सोडून "हाय" म्हणतो, मग स्क्रीनवर तीन टिंबं नाचत राहतात, आणि तो वाट बघत बसतो की आता हा काय विचारणार. नवीन माणसाच्या बाबतीत हे जास्त वाईट, कारण त्याला वाटतं काहीतरी काम आलं किंवा काहीतरी चुकलं. नमस्कार आणि पुढचं सगळं एकाच मेसेजमध्ये गेलं पाहिजे.

यातला निम्मा घोळ तर कीबोर्डमुळे होतो. स्लॅक, टीम्स दोन्हीकडे साधं एंटर दाबलं की मेसेज जातो. "नमस्कार किरण," लिहून सवयीने एंटर मारायचं आणि पुढची ओळ लिहायची, की तेवढाच तुकडा सुटतो. नवीन ओळ हवी असेल तर `Shift+Enter`. मी तर लांब मेसेज आधी नोटपॅडमध्ये लिहिते आणि मग पेस्ट करते, म्हातारीची सवय म्हणा हवं तर.

तू म्हणू, तुम्ही म्हणू, की आपण?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, त्यामुळे जरा सविस्तर.

पहिल्या मेसेजमध्ये तुम्ही. समोरचा फ्रेशर असला तरी तुम्ही. कारण तुम्हीवरून तूवर येणं सोपं असतं, चहाच्या टपरीवर तोच म्हणतो "अहो-जाहो काय करताय, अरे म्हणा", आणि तिथून पुढे सुरळीत. उलटा प्रवास अवघड. एकदा तू म्हणून बसलात आणि नंतर कळलं की हा तुमच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा आहे, की मग दोन आठवडे क्रियापदच न वापरता बोलत बसावं लागतं.

पण तुम्ही वापरण्याचं खरं कारण वेगळंच आहे, आणि ते मला चटका बसल्यावर कळलं. मराठीत तू म्हटलं की लगेच लिंग येतं. जॉइन झालास की झालीस, येतोस की येतेस, कुठला की कुठली. आणि मेलमध्ये फक्त नाव असतं, फोटो नसतो. किरण हे नाव मुलाचंही असतं, मुलीचंही. मी एकदा एका किरणला (नाव बदललंय, पण जातकुळी तीच) टाकलं, "अरे वा, आजच जॉइन झालास ना!" आणि ती निघाली बाई, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. एका वाक्यात दोन गाढवपणा.

"तुम्ही आज जॉइन झालात" याला ती भानगड नाही. आलात, झालात, केलंत, येता, याल, राहणार आहात, हे सगळं बाईला आणि पुरुषाला सारखंच. पण तुम्हीतही खड्डे आहेत बरं का. "तुम्ही कसे आहात" म्हटलं की फसलात, कारण बाई असेल तर कशा. "कुठले तुम्ही" तसंच, बाई असेल तर कुठल्या. "कुठे बसला आहात"लाही तोच त्रास, बसल्या आहात. त्यामुळे खात्री नसेल तेव्हा वाक्य फिरवायचं: "कसे आहात"च्या ऐवजी "कसं चाललंय", "कुठले तुम्ही"च्या ऐवजी "गाव कुठलं" (पण गाव पहिल्या मेसेजमध्ये विचारायचंच नाही, ते खाली येईल). "कुठे बसला आहात"च्या ऐवजी "तुमची जागा कुठे आहे".

ग्रुपवर लिहिताना अजून गंमत. "आज किरण जॉइन झाले" की "झाल्या"? इथे तुम्ही नाहीच, त्यामुळे लपायला जागा नाही. मग असं लिहायचं: "आज किरण यांचा पहिला दिवस." यांचा, यांची, यांना, हे सगळ्यांना चालतं.

आता आपण. "आपण कुठून आलात?" हे व्याकरणात बरोबर आहे पण चॅटवर वाचलं की बँकेच्या काउंटरवर उभं असल्यासारखं वाटतं. शिवाय आपणचा अर्थ "तुम्ही" पण होतो आणि "तुम्ही आणि मी मिळून" पण होतो. "आपण उद्या दहाला येणार का?" हे नवीन माणसाने वाचलं तर त्याला कळेना, मला विचारताय की दोघांनी मिळून कुठे जायचंय. मी आपण हा शब्द फक्त दुसऱ्या अर्थासाठी राखून ठेवते, आणि तिथे तो फार कामाचा आहे, पुढचा प्रश्न बघा.

"आमच्या टीममध्ये तुमचं स्वागत आहे" यात चुकीचं काय?

चुकीचं काही नाही, पण "आमच्या" हा शब्द दार लावून घेतो. मराठीत आम्ही म्हणजे समोरचा सोडून बाकीचे, आणि आपण म्हणजे समोरचा धरून सगळे. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, हिंदीतही हम एकच, त्यामुळे इंग्रजीतून विचार करून लिहिलं की हटकून "आमच्या टीममध्ये" येतं. म्हणजे टीम आमची, तुम्ही पाहुणे. सकाळी सही करून, आयडी कार्ड गळ्यात घालून आलेल्या माणसाला हे वाचायला मिळतं. "आपल्या टीममध्ये" लिहा, एका शब्दाचा काय तो फरक, पण माणूस आत येतो.

पण सगळीकडे आपण घुसडू नका. "आम्ही चार-पाच जण सव्वाला डबा खातो, या तुम्ही" इथे आम्हीच बरोबर, कारण खरंच अजून तो त्या टेबलावर बसलेला नाही. "आपण चार-पाच जण डबा खातो" म्हटलं तर त्याला वाटेल कुठला डबा, मी कधी खाल्ला.

नावापुढे जी लावू? सर, मॅडम, ताई, दादा?

जी हे मराठीत सहसा कोणी लावत नाही, किरणजी म्हटलं की सभेतलं भाषण वाटतं. ताई-दादा प्रेमाने म्हणतात ते नंतर, आपोआप, माणूस बघून. आमच्या सपोर्ट टीममधल्या एका बाईंना सगळे ताई म्हणतात पण त्यांना पहिल्याच दिवशी कोणी तसं लिहिलं असतं तर त्यांनी पाणउतारा केला असता.

आयटीत नुसतं नाव आणि तुम्ही हे जोडीने चालतं. "किरण, तुम्ही..." बाहेर हे विचित्र वाटेल, ऑफिसात नाही. कॉलेज, बँक, सरकारी ऑफिस असेल तर सर-मॅडमशिवाय गत्यंतर नाही, तिथे "नमस्कार मॅडम" लिहा आणि पुढे चला.

बरं, पण मेसेजमध्ये लिहायचं काय? एक पूर्ण उदाहरण द्या ना.

देते. आमच्या टीममधल्या एकाने मला दाखवलेला कच्चा मेसेज आधी बघा:

"नमस्कार. आमच्या टीममध्ये आपले हार्दिक स्वागत आहे. आपल्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा! काहीही मदत लागल्यास निःसंकोच संपर्क साधावा."

मी वाचून हसले तर तो रागावला, म्हणाला शुद्ध मराठी आहे की. शुद्ध आहेच. पण पुढील वाटचालीस शुभेच्छा आपण कोणाला देतो? जो कंपनी सोडून चाललाय त्याला. निरोप समारंभात, केक कापताना. आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी तुम्ही निघा म्हणताय. "संपर्क साधावा" हे पाटीवरचं मराठी, गाडी लावू नये, चप्पल काढून यावे, तसं संपर्क साधावा. आणि "काहीही मदत लागल्यास" हे वाचून आजवर कोणी मदत मागितलेली नाही, कारण नवीन माणसाला कुठली मदत मागायची असते हेच माहीत नसतं. हार्दिक दोनदा आलंय ते वेगळंच.

शेवटी आम्ही दोघांनी बसून जो पाठवला तो असा (त्याच्या जागी मी आहे असं समजून लिहितेय, म्हणजे बघते-बसते असं आहे, त्याच्यात बघतो-बसतो होतं):

"नमस्कार किरण, मी मेघना. आपल्या टीममध्ये रिपोर्टिंगचं टेस्टिंग मी बघते, खिडकीच्या बाजूला, प्रिंटरशेजारी बसते. आज तुमचा दिवस लॅपटॉप, आयडी आणि फॉर्म यातच जाणार, आमचा पण तसाच गेला होता. एकच गोष्ट आजच करून ठेवा, टेस्ट सर्व्हरच्या ॲक्सेसची रिक्वेस्ट, त्याला मॅनेजरचं अप्रूव्हल लागतं आणि दोन दिवस जातात. फॉर्म कुठे आहे ते माहीत नसेल तर सांगा, येऊन दाखवते. आम्ही चार-पाच जण सव्वाला कँटीनमध्ये डबा खायला बसतो, डबा आणला नसेल तरी या. आज नाही जमलं तर उद्या. रिप्लायची घाई नाही."

आता यात काय काय आहे ते बघा. मी कोण, हे पदाने नाही, कामाने सांगितलंय. "सिनियर क्यूए इंजिनियर" म्हटलं असतं तर त्याला कळलं असतं की मी वरची आहे, पण माझ्याकडे काय घेऊन यायचं ते कळलं नसतं. "रिपोर्टिंगचं टेस्टिंग बघते" म्हटलं की रिपोर्टचा प्रश्न आला की मेघना, हे डोक्यात बसतं. मग कुठे बसते, प्रिंटरशेजारी. प्रिंटर सगळ्यांना दिसतो.

बघते हा शब्दही मुद्दाम. स्वतःचं क्रियापद लिहिलं की तुम्ही बाई आहात की पुरुष हे समोरच्याला न विचारता कळतं, त्यामुळे त्याला तुमच्यासारखी वाक्यं फिरवत बसावं लागत नाही.

मग एकच कामाची गोष्ट. हा मेसेजचा कणा आहे. ती गोष्ट निवडताना मी स्वतःला विचारते, पहिल्या आठवड्यात मी कशात अडकले होते जे मला कोणी सांगितलंच नाही? आमच्याकडे ते सर्व्हरचं ॲक्सेस. रिक्वेस्ट सोमवारी टाकली तर बुधवारी काम सुरू होतं, बुधवारी टाकली तर शुक्रवार जातो, आणि मॅनेजर मध्येच सुट्टीवर असेल तर सरळ पुढचा आठवडा. तोवर माणूस खुर्चीत बसून जुनी डॉक्युमेंट्स वाचत असतो आणि त्याला वाटतं आपण काही करत नाही हे सगळ्यांना दिसतंय. तुमच्याकडे ती गोष्ट वेगळी असेल, पार्किंगचं स्टिकर असेल, कंपनीच्या बसचा पास असेल, फॅक्टरी असेल तर सेफ्टी शूजचा नंबर देणं असेल. पण एकच द्या. सहा गोष्टी दिल्या की ती यादी होते आणि यादी उद्या वाचू म्हणून राहून जाते.

आणि शेवटी जेवण. "कधीतरी भेटू", "चहाला जाऊ एकदा" हे आपण पुण्यात सगळ्यांनाच म्हणतो आणि कोणीच जात नाही, ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. सव्वा, कँटीन, चार-पाच जण, एवढं सांगितलं की आमंत्रण खरं होतं. "डबा आणला नसेल तरी या" हे लिहायचंच, कारण पहिल्या दिवशी बहुतेक जण डबा आणत नाहीत आणि मग दुसऱ्यांच्या डब्यात हात कसा घालायचा म्हणून एकटे कुठेतरी वडापाव खातात. नवीन माणूस पीजीत राहत असेल तर डबा हा त्याच्यासाठी महिनाभर प्रश्नच असतो.

"आज नाही जमलं तर उद्या, रिप्लायची घाई नाही" हे सुटकेसाठी. पहिल्या दिवशी एचआर त्याला दुपारी जेवायला घेऊन गेली तर त्याला तुम्हाला नाही म्हणताना अवघडायला नको.

एवढा मेसेज म्हणजे साताठ वाक्यं. फोनवर एका स्क्रीनमध्ये बसला तर बरोबर, अंगठ्याने सरकवायला लागला तर काहीतरी काढा.

पाठवायचा कधी?

त्याचं नाव चॅटमध्ये हिरवं दिसायला लागलं की. सकाळी नऊला टाकून उपयोग नसतो, तेव्हा तो रिसेप्शनला ओरिजिनल कागदपत्रं घेऊन बसलेला असतो, अकरापर्यंत एचआर, मग लॅपटॉप, मग पासवर्ड बदला, मग पासवर्ड चालत नाही. आमच्याकडे साधारण साडेअकरा-बाराला माणूस दिसायला लागतो आणि जेवणाचं आमंत्रण सव्वाचं असल्यामुळे ते नेमकं बसतं. दुपारी चारला लॉगिन मिळालं तर जेवणाची ओळ उद्यावर ढकला, तसाच मेसेज कॉपी करून "सव्वाला या" लिहू नका, होतं असं.

जॉइन होण्याच्या आधी कुठून तरी नंबर मिळवून मेसेज करू नका. तो अजून जुन्या ठिकाणी नोटीस पिरियडवर असतो.

ग्रुपवर टाकू, खाजगीत टाकू, की व्हॉट्सॲपवर?

खाजगीत, ऑफिसच्या चॅटवर. व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः नंबर दिल्यावर. ग्रुपवर "वेलकम" लिहायचं असेल तर लिहा, पण जेवणाचं आमंत्रण ग्रुपवर नको, पंधरा जणांसमोर हो किंवा नाही म्हणायला लागतं.

मराठीत लिहू का? समोरचा मराठी नसला तर?

नावावरून मराठी आहे असं ठरवू नका. कुलकर्णी, देशपांडे, जोशी कर्नाटकातही आहेत, जोशी तर उत्तराखंडात पण आहेत. आणि उलट, आमच्याकडे एकजण आडनावाने पक्का राजस्थानी, जन्म भवानी पेठेतला, आमच्यापेक्षा फर्मास मराठी बोलतो, त्याला आयुष्यभर लोक पहिलं वाक्य हिंदीत बोलतात आणि तो आयुष्यभर त्याला मराठीत उत्तर देतो.

खात्री नसेल तर पहिला मेसेज ऑफिसात ज्या भाषेत काम चालतं तिच्यात, बहुतेक ठिकाणी इंग्रजी, आणि आत मधे एक ओळ, की मराठी चालत असेल तर मला मराठीत बोलायला आवडेल. मेलमधल्या ओळखीत "मूळ नांदेडचे" वगैरे असेल तर थेट मराठीत लिहा, लांबून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी मराठीत मेसेज आला की बरं वाटतं, आणि मोकळं लिहा, नाहीतर तो पुणेरी शुद्धतेला घाबरून इंग्रजीतच उत्तर देतो. हे मी मस्करीत म्हणत नाहीये, आमच्याकडे लातूरचा एकजण पहिले तीन महिने आमच्याशी इंग्रजीत बोलायचा, नंतर कळलं की कोणीतरी त्याच्या बोलण्याला हसलं होतं.

लिपीचं म्हणाल तर देवनागरी वाचायला सोपी, पण ऑफिसच्या मशीनवर टाइप होत नाही म्हणून लोक इंग्रजी अक्षरात मराठी लिहितात. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मोठ्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून तो निवडायचा, मग `Win+Space` ने इंग्रजी-मराठी आलटून पालटून वापरता येतं. कंपनीच्या लॅपटॉपवर भाषा जोडायला परवानगी नसेल तर फोनवरून टाइप करा.

पहिल्या मेसेजमध्ये काय विचारू नये?

आडनाव. मेलमध्ये आडनाव नसलं की काही लोकांना चैन पडत नाही, "पूर्ण नाव काय तुमचं?" असं गोड विचारतात. आडनाव कशासाठी हवं असतं ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि ज्याला विचारलं त्याला तर पूर्ण माहीत असतं, त्याने हा प्रश्न शाळेपासून ऐकलेला असतो. गाव विचारणं तितकं वाईट नाही, आपल्याकडे ती गप्पांची पहिली पायरीच आहे, पण काही वेळा गावानंतर तालुका, मग गल्ली, मग "त्या बाजूचे का" असं करत गाडी तिथेच जाते. म्हणून मी गाव डब्यावर बसल्यावर, ते पण त्यानेच विषय काढला तर.

आधीच्या कंपनीत पॅकेज किती होतं, लग्न झालंय का, तिकडून का सोडलं, हे तर सांगायला नकोच. तिसरा प्रश्न आपुलकीने विचारतात, पण कधीकधी माणसाला काढलेलं असतं.

खरं तर पहिल्या मेसेजमध्ये उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न नसलेलाच बरा.

टीममध्ये आलेला माणूस मॅनेजरच असेल तर?

तोच मेसेज, फक्त "आजच करून ठेवा" असं सांगू नका, "ॲक्सेसला दोन दिवस लागतात, म्हणून आधीच कळवतेय" असं लिहा. आणि जेवायला बोलवा, नवीन मॅनेजर पहिल्या आठवड्यात सगळ्यात एकटा जेवतो. उत्साह थोडा आवरा एवढंच, "तुमच्याकडून खूप शिकायला मिळेल" वगैरे नको, त्याने अजून काही केलेलं नाहीये.

घरून काम करणारा असेल, ऑफिसला येणारच नसेल तर?

मग प्रिंटर आणि कँटीन दोन्ही बाद. जागेच्या ऐवजी वेळ द्या: "मी साडेदहा ते सात असते, दीड ते सव्वादोन जेवायला." आणि डब्याच्या ऐवजी पंधरा मिनिटांचा कॉल, कॅमेरा बंद चालेल असं लिहून. त्याची मीटिंग परस्पर कॅलेंडरवर टाकू नका, दोन वेळा सुचवा आणि त्याला निवडू द्या.

रिप्लायमध्ये नुसता अंगठा आला. चिडलाय का?

नाही हो. पहिल्या दिवशी त्याच्याकडे असे दहा मेसेज आलेत आणि त्यात अजून पासवर्ड चालत नाहीये. अंगठा म्हणजे वाचलं. काहीच आलं नाही तरी दोन दिवस काही करू नका, "वाचलात का" असं तर अजिबात विचारू नका.

तिसऱ्या दिवशी दुसरा मेसेज टाकायचा, पहिल्याची आठवण न काढता, आणि त्यातही एकच कामाची गोष्ट. मागे एका नवीन माणसाच्या वेळी असं झालं होतं. कळलं की राहायला पिंपरीला, आणि रोज बाइकवरून खराडीला दीड तास. मी लिहिलं, "पिंपरीहून मेट्रोने सिव्हिल कोर्टला उतरून तिथेच लाइन बदला, रामवाडीला शेवटचं स्टेशन, तिथून पुढे शेअर रिक्षा किंवा पीएमपी. पावसाळ्यात तरी बाइकपेक्षा बरं पडतं." याला मात्र दोन मिनिटांत उत्तर आलं, रिक्षाला किती घेतात म्हणून.

चुकून झालास-झालीसचा घोळ झाला तर काय करायचं?

मेसेज एडिट करून गुपचूप बदलू नका, नोटिफिकेशनमध्ये जुना वाचलेला असतो, आणि डिलीट केला तर अनेक ठिकाणी "मेसेज डिलीट केला" अशी खूण मागे राहते, ते तर अजून संशयास्पद. सरळ एका ओळीत लिहायचं: "सॉरी, नावावरून अंदाज बांधला, चुकला." लांबलचक माफी नको, नाहीतर तीच तुम्हाला समजावत बसते.

माझ्या वेळी तिने उत्तर दिलं होतं, "काही नाही हो, माझ्या रेशन कार्डावर पण पुरुषच लिहिलं होतं." सव्वाला ती डबा घेऊन आली, शेंगदाण्याची चटणी होती.